‘कळावे’पासून ‘पोचलास?’पर्यंत: पन्नाशीनंतर पुन्हा ओळख वाढवताना मेसेज कसे लिहायचे

माझा मावसभाऊ अठ्ठावन्न वर्षांचा. मुलुंडला राहतो, बँकेतून मुदतीआधीच निवृत्त झाला. वहिनी जाऊन चार वर्षं झाली. मागे दादरला पुनर्विवाहासाठीचा परिचय मेळावा होता. माझ्या आग्रहाखातर तो गेला आणि गोरेगावच्या एका शिक्षिकेचा नंबर घेऊन आला. त्या चौपन्न वर्षांच्या, घटस्फोटित. दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं मला मेसेजचा मसुदा पाठवला, ‘जरा बघून दे’ म्हणून:

‘नमस्कार ताई. काल मेळाव्यात आपली ओळख झाली, आनंद वाटला. आपले विचार आवडले. मी निवृत्त बँक अधिकारी असून मुलुंड येथे स्वतःचा फ्लॅट आहे. मुलगा पुण्यास नोकरीला. कळावे.’

मी त्याला फोन करून म्हटलं, दादा, हा अर्ज आहे. फक्त सही-शिक्का राहिलाय. त्याचं म्हणणं, मग काय लिहू, या वयात ‘हाय डिअर’ लिहू? पन्नाशीतल्या माणसाची खरी अडचण हीच असते. एका टोकाला कचेरीतला अर्ज, दुसऱ्या टोकाला नातवंडांच्या वयाची भाषा, आणि मधलं काही लिहिण्याची सवयच राहिलेली नसते. मी स्वतः बावन्नाव्या वर्षी, घटस्फोटानंतर, यातून गेलेय. त्यामुळे पुढचे तीन आठवडे आमच्या फोनाफोनीत जे झालं ते इथे पायरीपायरीनं मांडतेय. दोघांना विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आधी फोन आवरा

हे काम दहा मिनिटांचं आहे, पण मेसेजच्या आधी करायचं. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये Linked devices उघडून बघा. दादाचं खातं मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर चालू होतं. कधीतरी बिलं छापायला जोडलेलं, तसंच राहिलेलं. म्हणजे गोरेगावहून आलेला प्रत्येक मेसेज पुण्यातही वाजला असता. मुलांपासून लपवा असं मी म्हणत नाही, पण त्यांना कधी सांगायचं ते आपण ठरवावं, लॅपटॉपनं नाही. कुलूप लावलेल्या स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसतो, तेही बंद करा. प्रोफाइलला स्वतःचा, अलीकडचा, एकट्याचा फोटो हवा. दादाचा वहिनीबरोबरचा महाबळेश्वरचा होता. तो काढताना त्याला जड गेलं, म्हणून फोटो पुसला नाही, घरच्या अल्बममध्ये गेला.

संबोधन: सगळा खेळ इथे सुरू होतो

मराठीत फ्लर्टिंगची दारं शब्दांच्या आधी संबोधनात उघडतात किंवा बंद होतात. पुरुष आदर दाखवायला ‘ताई’ लिहितात. तो आदर खराच असतो, पण ताई म्हटल्यावर पुढे राखीच येते. ‘मॅडम’ लिहिलंत तर समोरची बाई आपोआप शाळेच्या स्टाफरूममध्ये जाऊन बसते. बायकाही हेच करतात. मी एका सद्गृहस्थांना पहिल्याच मेसेजात ‘भाऊ’ लिहिलं होतं, निव्वळ भीतीपोटी. त्यांनी पुढे मला वर्षभर दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या, त्यापलीकडे काही नाही. ‘काका’ आणि ‘सर’ यांची गत वेगळी नाही.

मग काय म्हणायचं? पहिले चार-पाच दिवस काहीच नाही. नुसतं ‘तुम्ही’. मराठीत नाव न घेता गप्पा छान चालतात, आपल्या आया-आज्यांनी अख्खे संसार तसे केले. त्यानंतर नाव, पण क्रियापद आदरार्थीच: नाव घेऊन ‘तुम्ही जेवलात का’. नावाची जवळीक आणि ‘जेवलात’चं अंतर एका वाक्यात आलं की एक गोड ताण तयार होतो. या टप्प्यावर घाई करू नका, खरी गंमत इथेच आहे. ‘तू’ सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो तो बाईकडून यावा. पन्नाशीतल्या बाईला न विचारता एकेरीवर आलेला पुरुष बहुतेक वेळा तिच्या पहिल्या नवऱ्याची आठवण करून देतो, आणि ती आठवण नेहमीच चांगली असते असं नाही.

‘अहो’चं मात्र जपून. बाईनं पुरुषाला लिहिलेलं ‘अहो, ऐका ना’ साधं हाक मारणंही असू शकतं आणि त्याहून बरंच काहीही. म्हणूनच ते प्रभावी आहे. तुम्हाला फक्त हाकच मारायची असेल तर ते टाळा.

पहिला मेसेज: त्यांचंच एक वाक्य परत द्या

मी दादाला विचारलं, मेळाव्यात त्या बाई नेमकं काय बोलल्या? तो म्हणाला, माइकवर म्हणाल्या की मला स्वयंपाक उत्तम येतो, पण रोज करणार नाही. मागच्या रांगेत दोघं-तिघं कुरकुरले. आणि तू काय केलंस? मी टाळी वाजवली. हे सगळं मसुद्यात कुठेच नव्हतं. फ्लॅट मात्र होता. मग आम्ही असं लिहिलं:

‘काल तुम्ही माइकवर म्हणालात, स्वयंपाक येतो पण रोज करणार नाही. तेव्हा मागून एकच टाळी आली, ती माझी. ऐकू आली का? चहाच्या रांगेतला निळा शर्ट, मुलुंड.’

दोन तासांनी उत्तर आलं: ‘ती टाळी होती होय! मला वाटलं कोणीतरी डास मारला.’

दादा हिरमुसला. मी म्हटलं, अरे वेड्या, याहून चांगलं उत्तर येऊच शकत नाही. तिनं तुला चिमटा काढलाय. चिमट्याला खुलासा द्यायचा नसतो, त्याचं वाक्य उचलून थोडं वळवून परत द्यायचं. तो अर्धा तास विचार करून स्वतःच लिहून बसला: ‘डासही मेला. एका टाळीत दोन कामं, बँकेची सवय.’ त्यावर हसण्याचे तीन चेहरे आणि ‘हिशेब पक्का दिसतो’.

या छोट्या देवाणघेवाणीत तंत्र सगळं आलं. आधी समोरच्यानं सांगितलेली एक बारीक गोष्ट आपण ऐकली होती, हे दिसलं. मग थोडी चेष्टा, आणि ती शक्यतो स्वतःची. शेवटी एक सोपा प्रश्न, ज्याचं उत्तर एका ओळीत देता येईल. ‘आयुष्याकडून तुमच्या काय अपेक्षा आहेत’ हा प्रश्न मेसेजात विचारू नये, त्याचं उत्तर द्यायला माणसाला रजा काढावी लागते. फुलांची, सूर्योदयाची सुप्रभात चित्रं तर अजिबात नकोत. ती त्यांना आणखी बाराजणांकडून येतात, आणि तुम्ही तेरावे होता.

कौतुक करताना शरीर नको, निवड पकडा

‘तुम्ही पन्नाशीच्या वाटतच नाही’ हे वाक्य लोक कौतुक म्हणून लिहितात. वाचणाऱ्याला त्यातून कळतं एवढंच, की पन्नाशीची वाटणं वाईट आहे आणि तुम्ही बारकाईनं तपासलंत. ‘सुंदर दिसता’ खोटं नसेल, पण या वयात त्यावर विश्वास बसायला वेळ लागतो. विशेषतः ज्यांना घरात वर्षानुवर्षं उलटं ऐकायला मिळालंय त्यांना.

विश्वास बसतो तो निवडीच्या कौतुकावर. बाईंनी शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो स्टेटसला लावला होता, अंगावर इरकल. दादा लिहिणार होता ‘खूप छान दिसताय’. शेवटी गेलं ते असं: ‘बाकी सगळ्या सिल्कमध्ये आणि तुम्ही इरकल. मेळाव्यातही तुम्ही असंच केलं होतंत, सगळ्यांपेक्षा वेगळं बोलून मोकळ्या.’ उत्तर आलं: ‘साडी ओळखता तुम्ही?’ तो म्हणाला: ‘एवढी एकच. बाकीच्या शिकायच्यात, वर्ग कधी भरतो?’ शिक्षिकेला वर्ग कधी भरतो विचारणं ही त्याची स्वतःची करामत. मी दारात उभं राहून त्याची पाठ थोपटली असती, पण मुलुंड लांब पडतं.

बायकांनी पुढाकार घ्यायचा असेल तरी रीत हीच. मी एकदा लिहिलं होतं: ‘काल फोनवर तुम्ही ‘बरं, ठेवतो’ तीनदा म्हणालात. चौथ्यांदा म्हणाला असतात तर मी ठेवू दिला नसता.’ यात मी काहीच मागितलं नाही. फक्त मोजत होते, एवढं सांगितलं.

गेलेल्याचं आणि सुटलेल्याचं काय करायचं

पंचविशीतल्या कोणाला ही पायरी नसते, म्हणून इथे थोडं थांबते.

दादाच्या दर तिसऱ्या मेसेजात वहिनी येत होती. बाईंनी पुरणपोळीचा विषय काढला की हा लिहायचा, ‘आमची ही कटाची आमटी अशी करायची की बोटं चाटावीत.’ त्याला यात काही गैर वाटत नव्हतं, आणि खरंच गैर नव्हतं. पण वाचणाऱ्या बाईला तिच्या पोळीला नंबर मिळाल्यासारखं वाटतं, तोही दुसरा. शिवाय ‘आमची ही’ हा शब्दच असा आहे की वहिनी शेजारच्या खोलीत असल्यासारखी वाटते. चार वर्षांनीही तो वहिनीला नावानं न बोलावता ‘ही’च म्हणत होता. मी त्याला एवढंच सुचवलं, वहिनीबद्दल लिहायचं तेव्हा नावानं लिही, आणि तुलना असेल तर ती ओळ पाठवू नकोस.

लपवायचंही नाही. पितृपक्षात तिथीच्या दिवशी त्यानं नाव घेऊन लिहिलं, ते नाव मी इथे गाळलंय: ‘आज तिची तिथी. संध्याकाळपर्यंत फोन बाजूला ठेवतोय. गैरसमज नको म्हणून सांगितलं.’ उत्तर आलं: ‘आज बोलूच नका. उद्या मी करते.’ आणि दुसऱ्या दिवशी खरंच पहिला मेसेज त्यांचा आला. समोरच्याच्या घरी असा दिवस असेल आणि मेसेज थांबले, तर ‘काय झालं, रागावलात का’ असं खोदू नये. वर्षश्राद्ध, लग्नाचा वाढदिवस, मुलाचा साखरपुडा, या दिवसांत माणूस गप्प होतो. दोन-तीन दिवसांनी आपोआप परत येतो.

घटस्फोटितांचा धोका उलट दिशेचा. आमच्याकडून कडवटपणा सांडतो. कोर्टाच्या तारखा, पोटगी, सासूचे किस्से, सगळं विनोदी करून सांगायचा मोह होतो. मी दोन महिने एकाला अशा गमती सांगत होते. शेवटी ते म्हणाले, तुमच्या गोष्टीत मी अजून आलोच नाही. बरोबर होतं त्यांचं. आणि समोरची व्यक्ती घटस्फोटित असेल तर ‘का सुटलं?’ हे लेखी विचारू नका. तो प्रश्न समोरासमोर बसून, चहा संपल्यावर विचारायचा असतो. लेखी उत्तर फॉरवर्डही होऊ शकतं, ही भीती त्यांना असते आणि ती रास्त आहे.

पुढे जायचं की थांबायचं, कसं ओळखायचं

रस असलेली व्यक्ती उलट प्रश्न विचारते, किंवा चार दिवसांपूर्वीचं तुमचं बोलणं स्वतःहून काढते. डासाचा विनोद बाईंनी आठवड्याभरानं परत काढला, तेव्हा मी दादाला म्हटलं, आता तू माझा सल्ला घेणं कमी कर. नुसती सभ्यता असेल तर उत्तरं अशी येतात: ‘हो ना’, ‘अगदी खरं’, वर केलेला अंगठा. आणि जोडलेले हात. मराठी माणसाचे जोडलेले हात म्हणजे बहुधा ‘आता पुरे’. असं लागोपाठ दोनदा आलं तर चार दिवस थांबा, मग एक हलका मेसेज करा. त्यालाही हातच आले तर तिथे संपवा, कारण विचारत बसू नका. स्पष्ट नकार आला तर लगेच संपवा, त्या चार दिवसांचीही गरज नाही.

रात्री साडेदहानंतर ‘झोपलात का?’ लिहू नये, असा माझा नियम आहे. उत्तर दिलं तर जागी आहे हे कबूल करावं लागतं, नाही दिलं तर शिष्टपणा ठरतो, म्हणजे दोन्हीकडून पंचाईत. रात्रीचं बोलणं त्यांनी सुरू केलं तर गोष्ट वेगळी. आणि फोटो मागणं, पाठवणं, शरीराबद्दल सूचक लिहिणं हे प्रत्यक्ष ओळख पक्की होण्याआधी नाहीच.

ओळख ऑनलाइन झाली असेल तर आणखी एक कसोटी लावा. आठवड्याभरात साध्या व्हिडिओ कॉलला तयार नाही, मुंबईत असूनही भेटायला कायम अडचण, आणि दरम्यान गुंतवणुकीचं अ‍ॅप किंवा विमानतळावर अडकलेलं पार्सल निघालं, की तिथे प्रेम नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन करा, जितका लवकर तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. अनोळखी नंबरवरून आलेला व्हिडिओ कॉल उचलूच नका, कपडे नसलेलं चित्र दाखवून तुमचा चेहरा टिपतात आणि मग पैसे मागतात.

चुका होतातच

माझी सांगते. ‘उद्या केस मोकळे सोडून येणार आहे, घाबरू नका’ हा मेसेज मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. वर पंप बिघडल्याची चर्चा चालू होती. सेक्रेटरींनी ‘नोंद घेतली’ असं लिहिलं. तेव्हापासून दोन गोष्टी पाठ आहेत. Delete for everyone साधारण दोन दिवसांपर्यंत चालतं, पण ज्यांनी वाचलं त्यांनी वाचलं. आणि पाठवलेला मेसेज दुरुस्त करायला १५ मिनिटं मिळतात. दुरुस्ती केली की त्याखाली Edited असं दिसतं, म्हणजे काहीतरी बदललंय हे समोरच्याला कळतंच. बोलून टाइप करणाऱ्यांनी पाठवण्याआधी एकदा वाचावं. दादाच्या ‘आठवण आली’चं फोननं ‘साठवण आली’ केलं होतं. बाईंनी विचारलं, कुठल्या लोणच्याची?

भेटीचं आमंत्रण

दोन-तीन आठवडे मेसेज झाले की भेटावं. त्याहून लांबवलं तर माणसं मेसेजातल्या माणसाशीच जमवून बसतात. आमंत्रणात जागा, दिवस, वेळ आणि नाही म्हणायची सोय, चारही हवं. ‘कधीतरी भेटू’ याला उत्तर नसतं.

एक मध्य रेल्वेवर, दुसरी पश्चिमवर, तेव्हा दादर ठरलेलंच. डिसेंबर २०२३मध्ये रेल्वेनं दादरचे फलाट एकाच क्रमात बसवले. पश्चिमचे १ ते ७ तसेच राहिले, मध्यचे ८ ते १४ झाले. त्यावरून दादानं लिहिलं:

‘पूर्वी दादरला तुमचाही एक नंबर होता आणि माझाही. आता तुमचा सात संपतो तिथे माझा आठ सुरू होतो. रेल्वेला जमलं, आपल्याला जमेल? शनिवारी पाच वाजता शिवाजी पार्कचा कट्टा. नसेल जमत तर ‘मेगाब्लॉक’ एवढंच लिहा, मी समजेन.’

नकाराला ‘मेगाब्लॉक’ हा शब्द देऊन ठेवणं मला फार आवडलं. बाईंना न लाजता नाही म्हणता आलं असतं. पुलावर भेटायचं त्यानं आधी लिहिलं होतं, ते मी खोडलं. शनिवारी संध्याकाळी दादरच्या पुलावर कोणी कोणाला भेटत नाही, फक्त धक्के खातात. कट्ट्यावर उजेड आहे, माणसं आहेत, उठून जाता येतं. पहिल्या भेटीला घरी बोलावू नये आणि जाऊही नये. कोणाला तरी सांगून जावं. दादा मला सांगून गेला, बाई त्यांच्या मुलीला.

उत्तर आलं: ‘शनिवारी ब्लॉक नाही. रविवारी असतो.’

भेटीबद्दल मला फार माहीत नाही, त्यानं सांगितलं नाही. एवढंच कळलं की कट्ट्यावर दोन तास गेले, मग उडप्याकडे कॉफी, बिल अर्धं अर्धं. परतीच्या गाडीतला मेसेज कसा असावा हे मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं: ‘छान वाटलं, धन्यवाद’ असं सत्कार समारंभासारखं नको, भेटीतली एक गोष्ट उचल. त्यानं कुर्ल्यावरून लिहिलं: ‘कॉफीत साखर तुम्ही दोनदा घातलीत. पहिल्यांदा घातल्याचं मी सांगितलं नाही, कारण तुम्ही बोलत होतात.’

त्याला उत्तर आलं नाही. विक्रोळी गेलं, भांडुप गेलं. मुलुंडला उतरून तो घरी पोचला, चावी अजून दारातच होती, तेव्हा फोन वाजला. एकच शब्द होता: ‘पोचलास?’

पोचलात नाही, पोचलास. दादानं मला फोन केला, चुकून झालं असेल का गं? मी म्हटलं, १५ मिनिटं थांब, चूक असेल तर दुरुस्त करतील. तो घड्याळ समोर ठेवून बसला. चौदाव्या मिनिटाला त्यानं एकदा पाणी प्यायलं. सोळाव्या मिनिटाला शब्द तसाच होता, खाली Edited नव्हतं. मग त्यानं लिहिलं:

‘पोचलो. तू?’